पाझर तलावाचं पाणी विहिरीत येतं का? काटोलकडे नमुने घ्यायला निघण्याआधी

नागपूरहून काटोल-कळमेश्वरकडे निघालात की संत्र्याच्या बागा लागतात, आणि बागवाल्यांचा प्रश्न एकच असतो: वरच्या अंगाला जो पाझर तलाव बांधला, त्याचं पाणी आमच्या विहिरीला लागतं की नुसतं उन्हात उडून जातं? पाण्याच्या रेणूतला जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, आणि ऑक्सिजन-18 हे जड आयसोटोप मोजून याचं बऱ्यापैकी चांगलं उत्तर देता येतं. आमच्या गटातली पोरं पहिल्यांदाच निघताहेत, त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवतो आहे. यंत्र, प्रयोगशाळा, आलेख हे सगळं नंतरचं. काम बिघडतं ते तारीख आणि बाटली या दोन ठिकाणी.

पहिली गोष्ट तारखेची, कारण सगळी युक्ती तिच्यावरच उभी आहे. पाणी उडताना हलके रेणू आधी जातात आणि जड मागे राहतात. म्हणून उघड्यावर पडून राहिलेल्या तलावाचं पाणी पावसापेक्षा जड होत जातं, आणि विहिरीत ते मिसळलं तर ओळखू येतं. पण ऑगस्टमध्ये नुकताच भरलेला तलाव म्हणजे जवळपास पाऊसच. तेव्हा दोघांची सही एकच असते, आणि तुम्ही कितीही नमुने घेतले तरी काही वेगळं करता येत नाही. म्हणून तलावाचा नमुना ऑक्टोबरपासून दर महिन्याला घ्यायचा, तलाव आटेपर्यंत. एकच फेरी मार्चमध्ये मारून आलात तर आकडा कसा फसवतो, ते पुढे हिशोबात दाखवतो.

विहिरींच्या तारखा मात्र बागेच्या वेळापत्रकाने ठरवा. आंबिया बहार धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण देतात, पाणी बंद असतं, आणि विहीर आठवडेच्या आठवडे तशीच उभी असते. अशा विहिरीचं पाणी उन्हात स्वतःच थोडं उडतं आणि जड होतं. तुम्हाला वाटेल तलावाचं आलं. ताण तोडून ओलीत सुरू झालं की मगच जा. निघण्याआधी शेतकऱ्याला फोन करून लाइन दिवसाची आहे की रात्रीची तेही विचारा. शेतीच्या फीडरची पाळी बदलत असते. रात्रीची पाळी असताना सकाळी दहाला पोचलात तर बंद मोटारीशेजारी बसून परत यावं लागतं.

विहिरी निवडताना मोह होतो तो तलावाच्या खालच्याच सगळ्या घेण्याचा. त्या तर घ्याच, पण तलावाच्या वरच्या अंगाच्या, त्याच बेसाल्टातल्या, त्याच खोलीच्या निदान तीन विहिरी हव्यात. त्यात तलावाचं पाणी येऊच शकत नाही, म्हणून नुसत्या पावसातून मुरलेलं पाणी कसं दिसतं ते त्याच सांगतात. या वरच्या विहिरी आपसात जितक्या वेगळ्या निघतील, तितकं तुमचं उत्तर ढिलं होईल. एकाच वरच्या विहिरीवर हिशोब उभा करणाऱ्याचा आकडा मी तरी मानत नाही.

आता पावसाचा डबा. जूनच्या आधी गावातल्या एका छतावर बसवायचा. पाच लिटरचा कॅन, वर गाळणी, गाळणीतून निघालेली नळी थेट तळापर्यंत, आणि कॅनमधली हवा बाहेर पडायला दुसरी लांब बारीक नळी. पाणी नळीच्या तोंडावर चढलं की हवेशी संबंध उरतो फक्त नळीएवढ्या जागेत, त्यामुळे महिनाभर डबा भरत राहिला तरी पाणी उडत नाही. जुनी पद्धत पाण्यावर पॅराफिन तेलाचा थर टाकायची होती, पण लेझरवाल्या यंत्राला ते तेल चालत नाही. सरासरी काढताना महिन्यांची साधी बेरीज करून भागू नका. ज्या महिन्यात पाऊस जास्त, त्याचा वाटा जास्त. जूनच्या चार सरी आणि ऑगस्टची झड यांना सारखं वजन दिलंत तर पावसाची सही खोटीच येईल.

बाटल्या 30 ते 60 मिलिलिटरच्या जाड एचडीपीईच्या, घट्ट झाकणाच्या, कोरड्या. आम्ल घालायचं नाही, बर्फ करायचा नाही. विहिरीच्या पाण्याने तीनदा खळखळून, काठोकाठ भरून, झाकण लावून उलटी धरा. बुडबुडा वर सरकला तर पुन्हा भरा. झाकणाभोवती इलेक्ट्रिकची टेप दोन वेढे. आणि भरल्यावर गावातच छोट्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. हे वजन आम्ही फजितीतून शिकलो. एका मे महिन्यात माझ्या वीसेक बाटल्या गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिल्या. निकाल आले तेव्हा सगळ्याच विहिरी तलावासारख्या जड दिसत होत्या, वरच्या अंगाच्यासुद्धा. तिथेच पाल चुकचुकली. पण कुठल्या बाटलीतून किती पाणी उडालं हे सांगायला वजन नव्हतं, आणि अख्खी फेरी टाकून द्यावी लागली. आता बाटल्या थर्माकोलच्या डब्यात, सावलीत जातात. प्रयोगशाळेत देताना पुन्हा वजन करतो, आणि घटलेली बाटली बाजूला काढतो.

विहिरीवर गेल्यावर घाई नको. विदर्भातल्या जुन्या बांधीव विहिरी मोठ्या असतात. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते एक लाख तेरा हजार लिटर होतं. मोटार सेकंदाला पाच लिटर उपसत असेल तर ते काढायला सहा तासांहून जास्त लागतील. त्यामुळे ‘दहा मिनिटं मोटार चालवा आणि भरा’ हा बोअरचा नियम इथे कामाचा नाही. शेतकऱ्याचं ओलीत चालू असताना दुपारी उशिरा जा, विहीर खाली गेलेली असते, कडेच्या खडकातून झरे दिसू लागतात. तेव्हा मोटारीच्या तोंडाशी नमुना घ्या. विद्युतवाहकतेचा मीटर सोबत असू द्या. पाच-पाच मिनिटांनी घेतलेले तीन आकडे सारखे आले की पाणी ताजं आहे असं धरा. वहीत व्यास, पाण्याची पातळी, मोटार कधी सुरू झाली, हे तिथल्या तिथे उतरवा. ‘रात्री आठवून लिहू’ म्हणणाऱ्याने दोन विहिरींची अदलाबदल केलेली मी पाहिली आहे.

त्याच वेळी दुसरी बाटली क्लोराइडसाठी भरून घ्या. विहिरीचं पाणी जागेवर उडालं काय किंवा तलावाचं उडालेलं पाणी तिच्यात आलं काय, आलेखावर दोन्ही एकाच तिरप्या रेषेवर पडतात. आयसोटोप त्यांना वेगळं काढू शकत नाहीत. क्लोराइड काढतं. तलावातलं पाणी बहुतेक वेळा जमिनीतल्या पाण्यापेक्षा कमी खारं असतं, म्हणून ते मिसळलं तर विहिरीचं क्लोराइड घटतं. आणि पाणी विहिरीतच उडालं तर ते वाढतं. फक्त बागेत म्युरेट ऑफ पोटॅश टाकलेलं असेल तर क्लोराइडवर विसंबू नका, तेव्हा आधी खताची चौकशी करा.

आता हिशोब करून पाहा. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या गावचे नाहीत. आकडा म्हणजे प्रमाण नमुन्यापासूनचा हजारी फरक. उणे म्हणजे हलकं. δ2H हा हायड्रोजनचा आकडा आणि δ18O हा ऑक्सिजनचा. हार्मन क्रेग यांनी 1961 मध्ये जगभरच्या पावसासाठी दाखवलेली रेषा अशी:

```
δ2H = 8 × δ18O + 10
```

समजा वरच्या विहिरी ऑक्सिजनला −4.0 आणि हायड्रोजनला −22 देतात. बरोबर या रेषेवर, म्हणजे न उडालेला पाऊस. नोव्हेंबरचा तलाव −1.0 आणि −7, तर मार्चचा +4.0 आणि +18. रेषेपासून सुटून उजवीकडे सरकत चाललेला, साधारण पाचाच्या उताराने. खालची विहीर मार्चमध्ये −3.1 आणि −17.5 देते. वाटा काढायचं सूत्र एका ओळीचं:

```
f = (विहीर − वरची) / (तलाव − वरची)
```

मार्चचा तलाव घातला तर 0.9 भागिले 8, म्हणजे सुमारे 11 टक्के. नोव्हेंबरचा घातला तर 0.9 भागिले 3, म्हणजे 30 टक्के. दोन्ही गणितं बरोबर, उत्तर मात्र जवळपास तिपटीने वेगळं. मार्चमध्ये विहिरीत पोचलेलं पाणी तलावातून निघालं असेल चार महिने आधी, मुरूम आणि फटींतून वाट काढत. म्हणूनच दर महिन्याचा तलाव हवा. क्लोराइडने ताडून पाहा: वरच्या विहिरींत लिटरला 60 मिलिग्रॅम, नोव्हेंबरच्या तलावात 20, आणि वाटा 30 टक्के असेल तर खालच्या विहिरीत 48 यायला हवेत. 48 च्या आसपास आले तर नोव्हेंबरचा हिशोब पटतो. 65 आले तर समजा विहिरीतच पाणी उडालं आहे, मग तो आकडा कुणाला सांगू नका. आणि वरच्या विहिरींत ऑक्सिजनचा 0.3 चा इकडेतिकडे असला, तरी तेवढ्यानेच वाट्यात सुमारे 7 टक्क्यांची भर-घट होते. शेतकऱ्याला ‘वीस ते चाळीसमध्ये’ असंच सांगा.

‘हे पाणी किती जुनं?’ हे हमखास विचारतील. या दोन आयसोटोपांना वर्षं मोजता येत नाहीत, ते झिजत नाहीत. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात त्याच बोअरचा आकडा 0.2 च्या आत राहिला, तर पाणी अनेक वर्षांच्या पावसाचं मिसळलेलं आहे एवढंच म्हणता येतं. वर्षं हवी असतील तर ट्रिटियम या झिजत जाणाऱ्या हायड्रोजनसाठी एक लिटरची वेगळी बाटली न्या, आणि भरताना अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ हातात नको, त्या रंगात ट्रिटियम असू शकतं. त्याचं अर्धायुष्य 12.32 वर्षांचं. 1952 च्या पावसात 5 ट्रिटियम एकक असले तर आज त्यातलं दशांशही उरलेलं नसेल. म्हणून ट्रिटियम जवळपास शून्य आलं तर पाणी 1963 च्या आसपासच्या अणुचाचण्यांच्या भराच्याही आधीचं धरता येतं. मधलाच आकडा आला तर सावध राहा. केसिंग मुरमापर्यंतच असतं, त्याखाली बोअर उघडा, आणि वरच्या फटीचं कालचं पाणी खालच्या फटीच्या जुन्या पाण्यात मिसळतं. ‘तीस वर्षं जुनं’ असं पाणी तिथे मुळात कुठेच नसतं. अशा बोअरचा नमुना दर फेरीला राखून ठेवा, दोनपाच वर्षांनी पुन्हा मोजता येईल.

बॅग भरताना: बाटल्या मोजणीपेक्षा पाच जास्त, दोन विहिरींचे दुहेरी नमुने वेगळ्या क्रमांकाने, काटा, मीटर, टेप, दोरी, बादली, पेन्सिल. मार्कर नको, ओल्या हाताने पुसतो. आणि पावसाचा डबा ज्यांच्या छतावर ठेवणार त्या घरच्या काकूंना आधी सांगून ठेवा, नाहीतर डासांच्या भीतीने आठवड्यातच ओतून देतील.