रेझ्युमेतील तारखांचे खंड आणि दुहेरी काळ: अनुभव मोजताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांसाठी उमेदवारांचे रेझ्युमे तपासताना माझ्या वाट्याला सर्वाधिक येणारे काम म्हणजे तारखांचे गणित. ते चुकले, तर पात्र माणूस बाहेर राहतो किंवा अपात्र माणूस मुलाखतीपर्यंत पोहोचतो, आणि दोन्ही वेळा चूक उमेदवाराची नसून तपासणाऱ्याची असते. म्हणून येथे एकच प्रकरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. त्यातील ओळखीचे तपशील बदललेले आहेत.

पद क्वालिटी इन्स्पेक्टरचे होते. नियम असे होते: 31/12/2023 रोजी 5 वर्षांचा अनुभव पूर्ण असावा, अप्रेंटिसशिप त्यात धरू नये, आणि 90 दिवसांहून मोठा खंड असल्यास लेखी खुलासा घ्यावा. उमेदवाराच्या रेझ्युमेत चार नोंदी होत्या. पहिली अप्रेंटिसशिपची, 01/08/2017 ते 31/07/2018. दुसरी सातपूरची, 03/09/2018 ते 15/01/2021. तिसरी अंबडची, 01/12/2020 ते 30/06/2022. चौथी सिन्नरची, 10/11/2022 पासून "आजपर्यंत".

पहिली चूक येथेच होते. प्रत्येक नोकरीचे दिवस स्वतंत्रपणे मोजून बेरीज केली जाते. सातपूरचे 866, अंबडचे 577 आणि सिन्नरचे 31/12/2023 पर्यंतचे 417 मिळून 1860 दिवस होतात. या प्रकरणात 5 वर्षांचे 1826 दिवस होत असल्यामुळे उमेदवार पात्र दिसतो. मात्र 01/12/2020 ते 15/01/2021 हे 46 दिवस दोन्ही नोकऱ्यांत मोजले गेले आहेत. दिनदर्शिकेवरचा एक दिवस अनुभवात एकदाच धरायचा, या हिशेबाने 1814 दिवसच उरतात, म्हणजे 12 दिवस कमी पडतात.

दुसरी चूक अधिक लपलेली असते. खंड शोधताना प्रत्येक नोंदीची सुरुवात फक्त तिच्या आधीच्या ओळीच्या शेवटाशी ताडली जाते. समजा, एखादा माणूस मुख्य नोकरी करत असतानाच चार महिने आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग घेत होता. सुरुवातीच्या तारखेनुसार ओळी लावल्या की ती छोटी नोंद मधे येते, आणि पुढची नोकरी तिच्या शेवटाशी ताडली की जो खंड कधी नव्हताच, तो दिसू लागतो. त्यामुळे तुलना लगतच्या ओळीशी न करता तोवरच्या सर्व नोंदींपैकी सर्वांत उशिराच्या शेवटाशी करावी लागते. एक्सेलमध्ये B स्तंभात सुरुवात, C मध्ये शेवट आणि दुसऱ्या ओळीत अप्रेंटिसशिप असेल, तर अंबडच्या म्हणजे चौथ्या ओळीसाठी ही दोन सूत्रे पुरतात:

```
=B4-MAX(C$2:C3)-1
=MAX(0,C4-MAX(B4,MAX(C$3:C3)+1)+1)
```

पहिले सूत्र खंडाचे दिवस देते, आणि उत्तर ऋण आले तर तेथे दुहेरी काळ आहे असे समजावे. दुसरे सूत्र त्या नोकरीचे नव्याने मोजायचे दिवस देते, जे येथे 531 येतात. पहिल्यात `C$2` आणि दुसऱ्यात `C$3` आहे, हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. अप्रेंटिसशिप अनुभवात मोजायची नसली, तरी त्या वर्षी माणूस रिकामा बसलेला नव्हता, म्हणून खंड शोधताना ती ओळ लागते. तीच ओळ दुसऱ्या सूत्रात राहिली आणि एखाद्या नोकरीशी तिचा काळ जुळला, तर त्या नोकरीचे खरे दिवस विनाकारण वजा होतात. पहिल्या नोकरीचे दिवस मात्र साध्या वजाबाकीत 1 मिळवून काढावेत, कारण रुजू झालेला आणि कार्यमुक्त झालेला असे दोन्ही दिवस कामाचेच असतात.

सूत्रे बरोबर असूनही उत्तर विचित्र आले, तर आधी तारखांवर संशय घ्यावा. ज्या संगणकावर महिना आधी लिहिण्याची अमेरिकी पद्धत लावलेली असते, तेथे 03/09/2018 ही तारीख 9 मार्च होते आणि 01/12/2020 ही 12 जानेवारी होते. 15/01/2021 मात्र तारीख म्हणून स्वीकारलीच जात नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून राहते, बहुधा चौकटीत डावीकडे चिकटलेली दिसते, आणि `MAX` तिच्याकडे दुर्लक्ष करते. परिणामी खंड चाळीस हजारांहून अधिक दिवसांचा दिसतो. इतका मोठा आकडा निदान लक्षात तरी येतो. खरा धोका त्यानंतर असतो. घाईत केवळ मजकूर झालेल्या तारखा पुन्हा टंकल्या जातात, उलट वाचल्या गेलेल्या तशाच राहतात, आणि या उमेदवाराच्या बाबतीत 46 दिवसांचा दुहेरी काळ वर्षभराचा होऊन बसतो. त्यामुळे अशा वेळी सगळा स्तंभ मूळ रेझ्युमेवरून नव्याने भरावा. केवळ "जून 2022" असे लिहिले असेल, तर एक्सेल 1 जून धरते आणि शेवटच्या महिन्याचे दिवस गळतात. तेव्हा पूर्ण तारीख उमेदवाराकडून मागवून घ्यावी.

"आजपर्यंत" या शब्दासाठी अनेक जण `TODAY()` लिहितात. तसे केल्यास फाइल ज्या दिवशी उघडली त्या दिवसापर्यंतचा अनुभव मोजला जातो, आणि डिसेंबरअखेर अपात्र असलेला उमेदवार 20 जानेवारीला कोणतेही कारण नसताना पात्र ठरतो. तेथे नियमातील तारीखच लिहावी.

आता त्या 46 दिवसांविषयी. दुहेरी काळ दिसला की खोटेपणा गृहीत धरणे ही माझ्या मते सर्वांत अन्यायकारक चूक आहे. तो निर्माण होण्याची साधी कारणे बरीच असतात. शिल्लक रजा नोटीस काळात जमा धरली जाते, किंवा उमेदवार रुजू झाल्याच्या तारखेऐवजी ऑफर लेटरची तारीख लिहितो. भविष्य निर्वाह निधीच्या सेवा-इतिहासात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख पाहता येते, पण तीही अंतिम मानू नये. मालकाने सोडण्याची तारीख भरली नसेल, तर सदस्य ती दोन महिन्यांनंतर स्वतः नोंदवू शकतो आणि शेवटची वर्गणी ज्या महिन्यात जमा झाली त्यातील कोणतीही तारीख देऊ शकतो. त्यामुळे काही दिवसांचा फरक सहज पडतो. रिलीव्हिंग लेटर आणि नव्या ठिकाणची पहिली पगार चिठ्ठी समोरासमोर ठेवल्यावरच खरी तारीख कळते.

मी उमेदवाराला फोन केला. "साहेब, 1 डिसेंबर ही ऑफर लेटरची तारीख आहे. मी शुक्रवारी तिकडून सुटलो आणि सोमवारी इकडे रुजू झालो," असे तो म्हणाला. जानेवारीच्या पगार चिठ्ठीवर 18/01/2021 हीच रुजू तारीख होती. दुहेरी काळ पूर्णपणे नाहीसा झाला. मधल्या शनिवार-रविवारचे दोन दिवस मात्र कमी झाले आणि एकूण अनुभव 1812 दिवसांवर आला.

01/07/2022 ते 09/11/2022 हा 132 दिवसांचा खंड उरला होता. वडिलांच्या आजारपणामुळे तो दिंडोरीजवळच्या घरच्या द्राक्षबागेत थांबला होता आणि ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर सिन्नरला रुजू झाला. नियमाला फक्त लेखी खुलासा हवा होता आणि तो त्याने दिला, त्यामुळे खंडाची बाब तेथेच संपली. खंड असणे आणि अनुभव कमी असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. टिपणीत त्या एकत्र लिहिल्या, तर वाचणाऱ्याला उमेदवार नोकरी सोडून बसल्यामुळे नाकारला गेला असे वाटते.

मी टिपणीत तीन ओळी लिहिल्या: दुहेरी काळ नाही, रुजू तारीख दुरुस्त; 132 दिवसांचा खंड, खुलासा प्राप्त; 31/12/2023 रोजी अनुभव 1812 दिवस, 5 वर्षांना 14 दिवस कमी. सवलत देण्याचा अधिकार माझा नव्हता, म्हणून आकडा 5 वर्षांपर्यंत न वाढवता फाइल नियुक्ती अधिकाऱ्याकडे पाठवली आणि तो 14 दिवसांनी कमी पडत आहे हे उमेदवारालाही त्याच दिवशी कळवले.