जुनी पीपीटी गावात नेताना या चुका टाळा

गुलाबी बोंडअळीवरची पीपीटी कृषी सहाय्यकांच्या प्रशिक्षणासाठी तयार होते आणि मग तीच गावोगावच्या शेतकरी सभांत फिरत राहते. नेणारा बहुधा पहिल्या स्लाइडवरचे गाव आणि तारीख तेवढी बदलतो. मला सर्वांत जास्त खटकणारी चूक हीच आहे, कारण तिची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मी स्वतः अशीच पीपीटी दाखवली होती. "हेक्टरी 5 कामगंध सापळे" ही ओळ मी तशीच ठेवली होती. पंधरा दिवसांनी त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा दोन एकर पऱ्हाटीच्या एका शेतकऱ्याने उधारीवर 10 सापळे आणून लावलेले दिसले, कारण त्याने तो आकडा एकराचा समजला होता. त्याला 4 सापळे पुरले असते. आकडा बरोबर होता, पण गावात हिशेब एकरात चालतो.

तेव्हापासून मी "अद्ययावत करणे" आणि "पुन्हा लिहिणे" ही दोन कामे वेगळी धरतो. माहिती जुनी झाली असेल तर ती बदलावी. माहिती खरी असूनही ऐकणाऱ्याला वापरता येत नसेल तर ती स्लाइड नव्याने लिहावी. "आर्थिक नुकसानीची पातळी 10 टक्के" ही माहिती आजही बरोबर आहे. तरीही मी आता त्या जागी असे लिहितो: एका एकरात हिंडून 20 हिरवी बोंडे तोडा आणि फोडून पाहा, 2 बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले, तर फवारणीची वेळ झाली. अळी आत शिरल्यावर छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते, म्हणून शेजारी आलेखाऐवजी फोडलेल्या बोंडाचा फोटो ठेवतो.

काय काढावे, याची माझी कसोटी एकच आहे: ही स्लाइड पाहून शेतकरी उद्या वावरात काही वेगळे करील काय? अळीचे शास्त्रीय नाव, जिल्हानिहाय तक्ता आणि प्रशिक्षणाची उद्दिष्टे तिच्यावर टिकत नाहीत. डोमकळीचा फोटो टिकतो; फरदड का घेऊ नये, हेही टिकते, कारण उरलेल्या बोंडांत अळी जगते हे कारण कळले तरच पऱ्हाटी वेळेवर उपटली जाते. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर संरक्षक कपड्यांची स्लाइड मी वेळ कमी असला तरी काढत नाही.

कीटकनाशकांची यादी दर हंगामात चालू शिफारशींशी ताडावी, आठवणीवर विसंबू नये.

नको असलेली स्लाइड लपवून ठेवण्याची घाई अनेक नवखे करतात. फाइल पुढे गेली की ती स्लाइडही पुढे जाते, म्हणून मूळ फाइलची प्रत करून त्या प्रतीतून ती पुसावी.

जुना मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर पंचायतीच्या संगणकावर अक्षरांऐवजी चिन्हे दिसतात; तो आदल्या दिवशीच पुन्हा टंकित करावा.