रोबोट डबक्यात शिरतोय? चालण्याजोगी जमीन ओळखताना या चुका टाळा

चाचणीच्या चित्रांवर नेटवर्क ९५ टक्क्यांहून जास्त पिक्सेल बरोबर ओळखतं, कुठला पिक्सेल जमीन आणि कुठला डबकं हे दाखवणारा मास्क पडद्यावर छान दिसतो, आणि तरीही रोबोट सरळ डबक्यात चाक घालतो. असं झालं की बहुतेक जण मोठं नेटवर्क शोधायला लागतात. माझं मत वेगळं आहे. आधी ते डबकं नेटवर्कपर्यंत पोहोचतंय का, हे मोजा.

एक उदाहरण घेऊ. कॅमेरा जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर, समोर सरळ बघणारा, आडवा दृष्टिकोन ७० अंश. मूळ चित्र ६४० × ३६०, आणि वेग मिळावा म्हणून ते ३२० × १८० करून नेटवर्कला दिलंय. या आकारात कॅमेऱ्याचं नाभीय अंतर साधारण २२८ पिक्सेल येतं. सपाट जमिनीवर `x` अंतरावरचा बिंदू क्षितिजाच्या किती ओळी खाली दिसेल, हे एका सूत्रातून कळतं:

```
v = f * h / x
```

इथे `f` म्हणजे नाभीय अंतर, `h` म्हणजे कॅमेऱ्याची उंची आणि `v` म्हणजे त्या ओळी. समोर ३ मीटरवर ३० सेंटिमीटर लांबीचं डबकं आहे असं समजा. त्याची जवळची कड ३ मीटरवर आणि लांबची ३.३ मीटरवर. दोन्ही किमती सूत्रात घालून वजाबाकी केली, तर ते डबकं चित्रात जेमतेम ३ ओळींचं उरतं. बरीचशी छोटी नेटवर्क आतमध्ये चित्र ८ पट किंवा त्याहून जास्त लहान करतात, म्हणजे या ३ ओळींना स्वतःचा एक चौकोनही मिळत नाही. हेच डबकं १.५ मीटरवर आलं की सुमारे १० ओळींचं होतं आणि पहिल्यांदा नीट पकडता येतं.

आता थांबण्याचं अंतर काढा. वेग सेकंदाला ०.८ मीटर, चित्र घेतल्यापासून ब्रेक लागेपर्यंत ०.२ सेकंद, आणि मंदन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. आधी १६ सेंटिमीटर आणि मग ब्रेक लागल्यावर ६४, असे एकूण ८० सेंटिमीटर जातात. पुढची चाकं कॅमेऱ्याच्या पुढे ३० सेंटिमीटर असतील, तर निर्णय १.१ मीटरच्या आधी व्हायला हवा. डबकं दिसू लागतं १.५ मीटरला. हातात उरतात ४० सेंटिमीटर, म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्या वेळातल्या फ्रेम चुकल्या की चाक पाण्यात!

उपाय साधा आहे. चित्र लहान करू नका, कापा. कॅमेरा सरळ बघत असेल तर वरच्या अर्ध्या भागात जमीन जवळजवळ नसतेच. ६४० × ३६० मधला खालचा ६४० × १८० भाग ठेवला, तर पिक्सेल आधीच्या दुप्पट होतात आणि गणनाही साधारण तेवढीच वाढते, पण १.५ मीटरवरचं डबकं २० ओळींचं दिसतं. खडबडीत जमिनीवर रोबोट डोलतो आणि या आकारात १ अंशाच्या झुकावाने चित्र सुमारे ८ ओळी सरकतं, म्हणून क्षितिजाच्या वर थोडी जागा सोडा. त्याहून जास्त घट्ट कापायचा मोह टाळा. डबक्यात जे प्रतिबिंब दिसतं ते समोरच्या भिंतीचं, झाडाचं किंवा आकाशाचं असतं. ती मूळ वस्तू चित्रात थोडी तरी असेल, तर नेटवर्कला ओल्या जमिनीपेक्षा पाणी वेगळं काढणं सोपं जातं.

दुसरी चूक लेबलांची, म्हणजे नेटवर्कला शिकवताना दिलेल्या बरोबर मास्कची आहे आणि ती फार लपून बसते. ओपनसीव्हीचं `cv2.resize` काही न सांगता वापरलं, तर ते शेजारच्या किमतींची सरासरी काढतं. फोटोला हे चालतं, लेबलला नाही. जमीन ०, खडबडीत १, पायरी २, डबकं ३ असे क्रमांक दिले असतील, तर डबक्याच्या कडेला ० आणि ३ यांच्या मधले १ आणि २ तयार होतात. मग प्रत्येक डबक्याभोवती ‘पायरी’ आणि ‘खडबडीत’ची खोटी किनार शिकवली जाते. `np.unique` ने तपासलं तरी हे सापडत नाही, कारण १ आणि २ हे वैधच क्रमांक आहेत. मास्क मोठा करून चित्रावर ठेवा आणि डबक्याच्या कडा डोळ्यांनी बघा. आकार बदलावाच लागला तर असा:

```python
mask = cv2.resize(mask, (w, h),
                  interpolation=cv2.INTER_NEAREST)
```

यातही एक धोका उरतो. लेबल लहान करताना पायरीची बारीक कड किंवा लांबचं डबकं पूर्ण पुसलं जाऊ शकतं. आणि याच लहान लेबलांवर गुण मोजले, तर पुसलं गेलेलं डबकं ‘चुकलं’ म्हणून मोजलंच जात नाही. त्यामुळे उत्तर मूळ आकारात वाढवून मूळ लेबलशी ताडून बघा.

गुणही पिक्सेलांवर मोजू नका. डबकी एकूण पिक्सेलांच्या अर्धा टक्का असतील, तर सगळीकडे ‘जमीन’ म्हणणारं नेटवर्क फक्त अर्धा टक्का गमावतं. त्याऐवजी डबकी मोजा: १ ते १.५, १.५ ते २ आणि २ ते ३ मीटर या पट्ट्यांत किती डबकी होती आणि किती सापडली. वर काढलेल्या थांबण्याच्या अंतराशी हाच आकडा जोडता येतो. चाचणीची चित्रं वेगळ्या फेरीतली आणि वेगळ्या मार्गावरची हवीत. एकाच व्हिडिओतल्या फ्रेम इकडेतिकडे वाटल्या, तर तेच डबकं दोन्हीकडे येतं आणि आकडा खोटा फुगतो.

खाली उतरणाऱ्या पायरीचं मात्र वेगळं आहे. चढत्या पायरीची उभी बाजू दिसते, उतरत्या पायरीची दिसतच नाही. आपल्याच रोबोटपासून १.५ मीटरवर १५ सेंटिमीटरची उतरण असेल, तर कडेवरून जाणारी नजर खालच्या जमिनीला थेट २.०६ मीटरवर टेकते. मधली ५६ सेंटिमीटर जमीन लपलेली असते. चित्रात वरची फरशी आणि खालची फरशी चिकटून दिसतात, मध्ये फार तर एक रेघ. लेबल लावायला तिथे पिक्सेलच नसताना नेटवर्कला दोष देण्यात अर्थ नाही. इथे डेप्थ कॅमेरा वापरा: लागोपाठच्या ओळींमध्ये खोली १.५ वरून २.०६ वर उडी मारत असेल, तर तिथे कड आहे. स्थिर पाण्यावर स्टिरिओ खोली पुष्कळदा प्रतिबिंबाची येते, म्हणजे जमिनीच्या खाली, किंवा येतच नाही. म्हणून नियम असा ठेवा की खोली नाही किंवा जमिनीखाली आहे, तिथे मास्क ‘जमीन’ म्हणत असला तरी जायचं नाही.

हे सगळं नीट असूनही रोबोट फक्त वळतानाच डबक्याची कड कापत असेल, तर वेळेचा शिक्का तपासा. मास्क नकाशावर टाकताना चित्र घेतलं त्या क्षणाची स्थिती लागते, मास्क तयार झाला त्या क्षणाची नव्हे. सेकंदाला १ रेडियन वेगाने वळताना ०.१५ सेकंदाचा फरक पडला, तर ३ मीटरवरचं डबकं नकाशात सुमारे ४५ सेंटिमीटर बाजूला सरकतं. तपासायला रोबोट जागच्या जागी फिरवा: नकाशातलं डबकं एका ठिकाणी राहण्याऐवजी वळण्याच्या दिशेला सरकलं किंवा पसरलं, तर चूक इथेच आहे.