शाळेच्या ग्रंथालयासाठी प्रार्थना लिहिताय? या चुका टाळा

गंगाखेडच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेला ग्रंथालयाची खोली मिळाली. चार कपाटं, दोन सतरंज्या आणि खिडकीपाशी एक लांब बाक. मुख्याध्यापिका मॅडमनी फोन केला, "उद्घाटनाला नेहमीचं स्वागतगीत नको सर. लेकरांनी पुस्तक उघडायच्या आधी रोज म्हणावी अशी प्रार्थना लिहून द्या." भजनी मंडळासाठी मी बरंच लिहिलेलं आहे, त्यामुळे तासाभरात झालं असं वाटलं. पहिलं कडवं हे असं होतं:

हे शारदे माते, ज्ञानप्रदायिनी,
अज्ञानतिमिर तू दूर कर,
वंदन करतो मी तव चरणी,
यशाचा दे मज वर.

पुढचे आठ दिवस हे कडवं दुरुस्त करण्यात गेले आणि शेवटी त्यातला 'तू' सोडला तर एकही शब्द उरला नाही. या चार ओळींत जे चुकलं, तेच मला इतर शाळांच्या भिंतींवरही दिसतं. म्हणून एकेक चूक उलगडून सांगतो.

साद कुणाला घालायची, हे न ठरवताच लिहायला बसणं

शारदेला हाक मारली की कविता आपोआप सुरू होते, म्हणून आपण तिथूनच सुरू करतो. घरच्या दसऱ्याला ते शोभतंही. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढणं माझ्याही हाताला अजून आठवतं. पण या शाळेत शेख, कांबळे, राठोड, शिंदे एका सतरंजीवर बसतात. शिवाय संविधानाचं कलम 28 आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही मुलाला धार्मिक उपासनेला हजर राहायला लावायचं, तर पालकांची संमती लागते. रोज म्हणायच्या पाठात देवतेचं नाव घातलं की एखादं लेकरू ओठ मिटून उभं राहणार, आणि तसं उभं राहण्याचा त्याला हक्क आहे.

मग नावं वाढवायची का? मी तेही करून पाहिलं. एका ओळीत चार धर्मांची चार नावं बसवली. प्रार्थनेचा हजेरीपट झाला, आणि पाचवा कुणी राहिलाच.

वाट वेगळ्याच ठिकाणी सापडली. मॅडमच्या टेबलावरून एक पुस्तक खाली पडलं आणि जवळच्या मुलाचा पाय त्याला लागला. त्यानं पटकन पुस्तक उचलून कपाळाला लावलं. मुलगा शेखांचा होता. बाजूची शिंद्यांची पोरगीही तेच करते, राठोडांचा पोरगाही करतो. हे त्यांना कुणी शाळेत शिकवलेलं नव्हतं. म्हणजे पावित्र्य या खोलीत आधीच होतं, ते लिहिलेल्या अक्षराला चिकटलेलं होतं. तुकोबांनी शब्दालाच देव म्हटलंय, आणि कुराणाच्या सगळ्यात आधी उतरलेल्या आयतीचा पहिलाच शब्द 'वाच' असा आहे. मी साद शब्दालाच घातली. प्रार्थनेला 'तू' लागतोच, नाहीतर ती सूचनाफलक होते. तो 'तू' सगळ्यांचा असावा, एवढंच बघायचं.

समोर बसलेल्यांनाच अंधारात ढकलणं

ही चूक मला स्वतःला दिसली नाही. कच्चं कडवं वाचून दाखवत होतो तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात हात पुसत उभ्या होत्या. 'अज्ञानतिमिर'चा अर्थ त्यांनी विचारला. मी म्हणालो, न शिकलेल्यांच्या आयुष्यातला अंधार. त्या म्हणाल्या, "मंग आमी काय अंधारात हाव का सर? ह्या लेकरायला घास कोन देतंय?"

अर्ध्या लेकरांच्या आया शाळेत फारशा गेलेल्या नाहीत. काही घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, आणि लेकरंही तिकडच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, जातात. त्यांना रोज सकाळी आपल्याच आईला अंधार म्हणायला लावणारी ओळ कितीही संस्कृत असली तरी ती शिवीच. ओळखायची खूण सोपी आहे. 'अज्ञानी', 'अडाणी', 'तिमिर', 'मूढ' यांपैकी शब्द आला की ती ओळ मुलाच्या आजीसमोर मोठ्यानं म्हणून बघा. जीभ अडखळली तर ओळ खोडा.

यश, गुण आणि पाहुणे

पास होण्याचं मागणं परीक्षेच्या दिवशी मागावं. ग्रंथालय ही शाळेतली एकच खोली जिथे कुणी गुण देत नाही. आणि देणगीदारांची नावं पाटीवर लिहा, प्रार्थनेत नकोत. उद्घाटनानंतर पाहुणे निघून जातात, ओळ मात्र रोज म्हणावी लागते.

'मी करतो' म्हणणं

मराठीत हा खड्डा हमखास आहे. 'मी वंदन करतो' लिहिलं की मुली 'करते' म्हणतात, मुलं 'करतो', आणि नेमक्या त्या ठिकाणी गलका होतो. 'आम्ही' घेतलं की प्रश्न सुटतो, कारण 'आम्ही आलो' मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. 'उघडूया', 'विचारू', 'सांगू' ही रूपंसुद्धा दोघांना चालतात. एकदा सगळी क्रियापदं तपासा.

चालीआधी अक्षरं न मोजणं

माझ्या त्या कडव्याला ठेकाच नव्हता. म्हणताना प्रत्येक ओळीला श्वास वेगळ्या जागी तुटत होता. दुसरीच्या मुलांना 'ज्ञानप्रदायिनी'च्या मधेच दम लागला. म्हणून मी अभंगाच्या मोजमापावर आलो. गंगाखेड हे जनाबाईचं गाव, इथल्या बायकांना ते मोजमाप शिकवावं लागत नाही. चाल त्यांनीच लावली.

मोठ्या अभंगाचे चार चरण असतात: 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं जुळवायचं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, प्रत्येक अक्षर एक मोजायचं. इथे दोन गफलती होतात. पहिली, जोडाक्षर दोन धरलं जातं. 'पुस्तक' ही तीनच अक्षरं: पु, स्त, क. दुसरी गफलत बोलण्यामुळे होते. बोलताना आपण 'वाचून' दोन तुकड्यांत म्हणतो, वा-चून. पण मोजताना तीन धरायची, कारण गाताना शेवटचा 'न' सुटा ऐकू येतो. कागदावर बरोबर असलेला अभंग नुसता वाचला तर लंगडा वाटतो, तो याचमुळे. बोटांवर मोजा आणि मग टाळ्यांवर म्हणून पाहा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

शेवटी जे उरलं ते हे:

शब्दा तुझ्यापुढे । आलो आम्ही सारे ।
उघड तू दारे । मनातली ॥

धुवूनिया हात । उघडूया पान ।
लावूनिया कान । शब्दांपाशी ॥

नाही कळले ते । विचारू मोकळे ।
लाजेचे ते टाळे । तोडूनिया ॥

वाचून पुस्तक । परत ठेवावे ।
दुसऱ्याने न्यावे । आवडीने ॥

शाळा ज्यांची हुके । बसू त्यांच्यापाशी ।
गोष्ट सांगू अशी । वाचलेली ॥

पाच कडवी, प्रत्येकी 22 अक्षरं, म्हणजे सगळी मिळून 110. सावकाश म्हटलं तरी रांग चुळबुळ करायच्या आत संपतं. आधी मी आठ कडवी लिहिली होती. सहाव्यापासून मागची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली, तिथेच कात्री लावली.

नियमांना प्रार्थनेचे कपडे घालणं

चौथ्या कडव्याची गोष्ट सांगायची राहिली. आधी तिथे 'नको फाडू पाने, नको ओढू रेघा' अशी सुरुवात होती. मोजमाप बरोबर होतं, पण म्हणताना चौथीतला एकजण गालात हसत होता. कारण विचारलं तर कळलं, रेघा ओढायची कल्पना त्याला त्या ओळीनेच दिली. 'नको' असलेल्या ओळी भिंतीवरच्या नियमावलीत जाऊ द्या. प्रार्थनेत हात काय करणार ते सांगा: धुणार, उघडणार, ठेवणार. शिकणं पवित्र आहे असं एकाही कडव्यात म्हटलेलं नाही, आणि म्हणायचं नाहीच, असं मी मुद्दाम ठरवलं होतं. लेकरू हात धुऊन पान उघडतं आणि शब्दाला कान लावतं, त्यापुढे विशेषण जोडलं की ते भाषणासारखं वाटतं.

हात धुण्याच्या ओळीमुळे एक अडचणही आली, तीही सांगतो. उन्हाळ्यात शाळेच्या टाकीत पाणी नसतं. मार्चमध्ये मॅडमचा फोन आला, "लेकरं म्हणतेत, हात न धुता ही ओळ कशी म्हणायची?" टँकरच्या गावासाठी लिहिताना हे मला सुचायला हवं होतं. 'पुसूनिया हात' केलं. अक्षरं तेवढीच भरतात, दारात एक ओलं फडकं ठेवलं की काम होतं. पावसाळ्यात पुन्हा 'धुवूनिया'. तुम्ही लिहाल तेव्हा ओळीतली प्रत्येक कृती त्या शाळेत बाराही महिने करता येते का, हे आधी विचारून घ्या.

भिंतीवर रंगवायची घाई

पेंटरला लगेच बोलावू नका. निदान पंधरा दिवस प्रार्थना फळ्यावर खडूनेच राहू द्या. आंबेजोगाईला संतकवी दासोपंतांनी पासोडीच्या कापडावर ग्रंथ लिहिला, तसं कापडावर लिहून टांगलं तरी चालेल. बदलता तरी येतं. या पंधरा दिवसांत मागच्या रांगेत उभे राहून फक्त ऐका. लेकरं जिथे मूळ शब्द सोडून दुसराच म्हणतात, तिथे बहुतेक वेळा तुमचा शब्द जड असतो. माझ्याकडे आधी पहिल्या कडव्याच्या शेवटी 'अंतरीची' होतं. पोरं 'अंतराची' म्हणू लागली आणि एकानं किती किलोमीटर म्हणून विचारलं. तिथे 'मनातली' आलं.

सगळेच बदल मात्र दुरुस्त करायचे नसतात. आमच्याकडे 'मोकळे' तोंडात 'मोकळं' होतं आणि 'टाळे' 'टाळं', म्हणजे तिसऱ्या कडव्याचं यमक बोलीतही शाबूत राहतं. पहिल्यात तसं होत नाही. 'सारे' आहे तसंच राहतं आणि 'दारे'चं 'दारं' होतं, यमक सुटतं. मला ते दोन दिवस खटकलं. मॅडमना म्हणालो, लेकरांना 'दारे' म्हणायला लावा. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही उघडायला सांगितलीत ना? उघडू द्या की." भिंतीवर 'दारे' रंगवलंय, म्हणताना रोज 'दारं'च ऐकू येतं.