यंत्राने रीडिंग बिघडवली, आता सरांकडे मुदतवाढ कशी मागाल?

‘सर, मशीन खराब होतं, थोडा वेळ द्या.’ दर सत्रात अशा पाच-सहा ओळी माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेक खऱ्याच असतात, पण त्यांवरून मला काहीच ठरवता येत नाही. नक्की काय बिघडलं, किती रीडिंग वाया गेली आणि पुन्हा करायला किती वेळ लागेल, या तीन गोष्टी पत्रात असल्या की निर्णय दोन मिनिटांत होतो.

एक नेहमीचा प्रयोग घेऊ. फेनँथ्रोलीन घालून लोहाचा केशरी-लाल रंग आणायचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 510 नॅनोमीटरला शोषण मोजायचं आणि 1 ते 5 पीपीएमच्या प्रमाण द्रावणांवरून आलेख काढायचा. समजा रीडिंग आली 0.20, 0.43, 0.66, 0.88 आणि 1.11. रेषा अगदी सरळ, म्हणून विद्यार्थी खूश. प्रत्यक्षात या रंगाचं शोषण दर पीपीएमला साधारण 0.20 असतं, म्हणजे शेवटचं रीडिंग 0.99 च्या आसपास हवं होतं. झालं असं की यंत्राचा दिवा हळूहळू मंद होत होता. एककिरणी यंत्राला कमी झालेला प्रकाश म्हणजे वाढलेलं शोषणच वाटतं. त्यात द्रावणं चढत्या क्रमाने मोजली, त्यामुळे बिघाड रेषेच्या चढात मुरला आणि रेषा सरळच राहिली.

म्हणून पत्र लिहिण्याआधी चूक यंत्राची की आपली, हे तपासा. ब्लँक पुन्हा लावा. सुरुवातीला शून्यावर ठेवलेला ब्लँक आता 0.14 दाखवत असेल, तर क्युव्हेट पुसून, बुडबुडे नाहीत ना ते बघून परत लावा. तरीही तेच आलं, तर पहिलं प्रमाण द्रावण पुन्हा मोजा. 0.20 च्या जागी 0.34 आलं, म्हणजे दोन्हीकडे सारखीच वाढ, तर संशय यंत्रावर. लगेच लॅब असिस्टंटना दाखवा आणि यंत्राच्या नोंदवहीत वेळ घालून नोंद करा. जुनी रीडिंग खोडू नका, मला तीच बघायची असतात.

आणि द्रावणं ओतून देऊ नका! हा रंग बंद फ्लास्कमध्ये कित्येक दिवस टिकतो, त्यामुळे मोजणी तेवढी पुन्हा करायची असते. सगळा प्रयोग पुन्हा करायचा असेल तर मागणी वेगळी होते.

मुदत किती मागायची, हे लॅब पुन्हा कधी मिळणार यावरून ठरवा. ‘एक आठवडा’ असं मोघम मागितलं की मला तो आकडा हवेतला वाटतो. मंगळवारी 11 तारखेला प्रयोग झाला आणि अहवाल शुक्रवारी 14 तारखेला द्यायचा आहे असं धरलं, तर त्याच संध्याकाळी जाणारं पत्र असं असेल:

विषय: लोहाच्या प्रयोगाच्या अहवालासाठी 20 तारखेपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत

आदरणीय सर,

आज लोहाचं प्रमाण काढताना स्पेक्ट्रोफोटोमीटरचं रीडिंग सरकत गेलं. सुरुवातीला शून्यावर ठेवलेला ब्लँक शेवटी 0.14 आला आणि 1 पीपीएमचं द्रावण 0.20 वरून 0.34 वर गेलं. क्युव्हेट पुसून पुन्हा मोजलं, फरक पडला नाही. लॅब असिस्टंटनी दिवा बदलावा लागेल असं सांगितलं असून यंत्राच्या वहीत तशी नोंद आहे.

प्रत्येक रीडिंगची वेळ मी लिहिलेली नाही, त्यामुळे मधली रीडिंग किती सरकली हे सांगता येत नाही आणि ती वजाबाकी करून वापरता येणार नाहीत. सर्व द्रावणं झाकून ठेवली आहेत. मंगळवारी, 18 तारखेला, दुरुस्त किंवा दुसऱ्या यंत्रावर मोजायला दोन तास मिळतील, असं असिस्टंट म्हणाले आहेत.

तरी अहवाल गुरुवार, 20 तारखेपर्यंत देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. उद्देश, कृती आणि द्रावणांची आकडेमोड 14 तारखेलाच देतो. आजच्या मूळ रीडिंगचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला विद्यार्थी,
(नाव, वर्ग, हजेरी क्रमांक)

यातलं वजाबाकीचं वाक्य गाळू नका. ‘0.14 वजा करून टाक की’ हा माझा पहिला प्रश्न असतो. शिवाय वेळ लिहिली नाही ही स्वतःची चूक पत्रात आली की बाकीच्यावरही विश्वास बसतो. ‘माझी काहीच चूक नसताना’ ही सुरुवात मात्र टाळा. ती वाचली की मी आधी चूकच शोधायला लागतो.

मुदत मिळाली, तर 18 तारखेला दिवा पुरेसा तापू द्या, द्रावणं उलटसुलट क्रमाने मोजा आणि प्रत्येक दोन रीडिंगनंतर ब्लँक लावून शेजारी वेळ लिहा.