टाळ्या मिळतात, देणगी मिळत नाही? निधीसाठीच्या सादरीकरणात या चुका टाळा

सादरीकरण संपतं, लोक "फार छान काम आहे" म्हणतात, चहा घेतात आणि निघतात. अशा वेळी दोष बोलण्यात क्वचितच असतो. गोष्ट एका मुलीची, अंदाजपत्रक अख्ख्या संस्थेचं आणि मागणी "यथाशक्ती मदत करा" अशी असली, की ऐकणाऱ्याला आपले पैसे नेमके कुठे लागतील ते कळत नाही.

उदाहरण म्हणून गोवंडीतल्या वस्तीत दोन खोल्यांत संध्याकाळची अभ्यासिका चालवणारी संस्था घेऊ. मुलं ६०. दादरच्या एका सभागृहात ३५ जणांसमोर १२ मिनिटं बोलायचं आहे. (आकडे नमुन्यादाखल आहेत.)

पहिली चूक गोष्टीतच होते. वडील नाहीत, आई धुणीभांडी करते, घरात वीज नाही, असं दुःख सांगण्यात पाच मिनिटं जातात आणि अभ्यासिकेनं काय केलं हे एका वाक्यात उरकतं. त्याऐवजी काम दाखवा. पाचवीतली मुलगी जूनमध्ये 'प्रश्न' हा शब्द 'परशन' असा अडखळत वाचत होती. ताई रोज वीस मिनिटं तिच्याशेजारी बसून जोडाक्षरं घेत होत्या. डिसेंबरमध्ये ती अख्खा उतारा वाचते. एवढी गोष्ट पुरते, कारण तिच्यात ताईंचं मानधन आणि खोलीचं भाडं दोन्ही दिसतं. लगेच पुढे एक ओळ हवी: ६० पैकी किती मुलं जूनमध्ये उतारा वाचत होती आणि किती डिसेंबरमध्ये. मध्येच सोडून गेलेली मुलंही त्या ६० मध्ये धरा. ती वगळली की टक्केवारी फुगते, आणि जाणकार देणगीदार पहिला प्रश्न तोच विचारतो. मुलीचं नाव बदला. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नको.

दुसरी चूक अंदाजपत्रकाची. ताळेबंदातला तक्ता जसाच्या तसा स्लाइडवर चिकटवला, तर मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. पाच ओळी पुरेत:

चार ताईंचं मानधन, दरमहा ९,००० प्रमाणे: ४,३२,०००
दोन खोल्यांचं भाडं, दरमहा ११,००० प्रमाणे: २,६४,०००
खाऊ, ६० मुलं, २४० दिवस, ८ रुपये: १,१५,२००
वह्या-पुस्तकं, मुलामागे ८००: ४८,०००
हिशेब, लेखापरीक्षण, फोन, प्रवास: १,००,८००

एकूण ९,६०,००० रुपये, म्हणजे मुलामागे वर्षाला १६,०००. शेवटची ओळ 'इतर खर्च' या नावाखाली झाकू नका. लेखापरीक्षणाला पैसे लागतात हे लोकांना पटतं, 'इतर' पटत नाही. आणि १६,००० ही सरासरी आहे हे स्वतःहून सांगा: दहा मुलं कमी झाली म्हणून खोलीचं भाडं घटत नाही.

आता मागणी. इथेच बहुतेकांची जीभ अडखळते, आणि संकोच लपवायला तीन-चार योजना एकदम मांडल्या जातात. मागणी एकच ठेवा. समजा ६,४०,००० ची सोय आधीच झाली आहे. तर वाक्य असं: "आमच्याकडे ४० मुलांची सोय आहे. उरलेल्या २० मुलांसाठी ३१ मेपर्यंत ३,२०,००० हवेत. एका मुलाचं वर्ष १६,०००, तीन महिने ४,०००." रक्कम पूर्ण जमली नाही तर काय होईल तेही सांगा, उदाहरणार्थ दुसरी खोली जूनऐवजी ऑगस्टमध्ये उघडेल. हे बोलून झाल्यावर थांबा. लगेच "पण सक्ती नाही हं" असं पुढे जोडलं, की केलेली मागणी मागे घेतल्यासारखं होतं.

८०जीबद्दल "अर्धे पैसे परत मिळतात" असं कधीही सांगू नका. जुन्या करपद्धतीत पात्र संस्थेला दिलेल्या देणगीच्या साधारणपणे ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, आणि तीही मर्यादेत राहून. १६,००० दिले तर ८,००० वजा. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर उपकरासह सुमारे २,५०० रुपयांनी कमी होतो. नव्या करपद्धतीत ही सवलत नाही. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तरी नाही.

एवढं नीट करूनही पैसे येत नसतील, तर क्यूआर कोड तपासा. स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी खजिनदाराचं नाव आलं, की देणारा तिथेच थांबतो. कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. आदल्या दिवशी दोन वेगळ्या फोनवरून एकेक रुपया पाठवून पाहा, आणि मागच्या रांगेतून स्कॅन होतो का तेही. पडद्यावरचा कोड स्लाइड बदलताच जातो, म्हणून प्रत्येक खुर्चीवर कोडाची छापील चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, फोन, पॅन आणि '१६,००० / ४,००० / इतर रक्कम' अशा चौकटी असू द्या. चिठ्ठ्या चहाआधी गोळा करा. भरलेल्या चिठ्ठ्या आणि खात्यात आलेल्या रकमा त्याच रात्री जुळवल्या, की कुणाला आठवणीचा फोन करायचा ते दुसऱ्या दिवशी सकाळी हाताशी असतं.