पगारातून व्यवसाय कर चुकून कापला गेला तर

जळगावच्या एमआयडीसीत चटई कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाचीच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जात होता. तोंडी सांगून कोणी दाद देईना. मग मी तिला हे पत्र लिहून दिलं:

‘महोदय, एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत माझ्या पगारातून व्यवसाय कराचे दरमहा २०० प्रमाणे ८०० रुपये कापले आहेत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. एप्रिल, मे आणि जुलैत माझा एकूण पगार २२,४०० होता. जूनमध्ये ओव्हरटाइम धरून तो २५,६०० झाला, त्यामुळे जूनची कपात बरोबर आहे. जादा कपात ३ × २०० = ६०० रुपये. ती पुढील पगारात जमा करावी व माझ्या नोंदीतील लिंगाचा रकाना तपासावा. सोबत चारही पगारपत्रके.’

जूनचे २०० आपणहून सोडले, म्हणून हिशेबनीसाला वाद घालायला जागाच उरली नाही. पगार मोजताना हातात पडणारी रक्कम धरू नका, कपातीआधीची एकूण रक्कम बघा. घोळ रकान्यातच निघाला: तिथे ‘पुरुष’ पडलं होतं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मात्र घ्याच. आणि फेब्रुवारीआधी निपटवा, त्या महिन्यात ३०० कापतात.